वय शब्दांत नसतं, वाक्याच्या सांध्यात असतं

कुमारवयीन मुलांसाठी लिहिणाऱ्यांत आणि त्यांचं लेखन छापणाऱ्यांत एक वाद सतत धुमसत असतो. दिवाळी अंकांची जुळवाजुळव सुरू झाली की तो हमखास भडकतो. एखाद्या कथेत पंधरा वर्षांची मुलगी रोजनिशी लिहिते, त्या रोजनिशीची भाषा कशी असावी? एक बाजू म्हणते, मुलांच्या हातात चांगली मराठी ठेवा, त्यांच्या बोलण्यातली भेसळ छापून तिला प्रतिष्ठा देऊ नका. दुसरी बाजू म्हणते, मुलं जशी बोलतात तसंच लिहा, नाहीतर ती वाचणार नाहीत. मग पहिली बाजू पात्राच्या तोंडचं ‘यार’ खोडते आणि दुसरी बाजू ते परत घालते. माझं म्हणणं असं की हा वाद चुकीच्या जागी चालला आहे. दोघंही वय शब्दांत शोधत आहेत. किशोरवयीन माणसाच्या लिहिण्यातलं वय शब्दांत फार थोडं असतं. कोणती काळजी कोणत्या काळजीशेजारी येते, वाक्य नेमकं कुठे तुटतं आणि कोणती गोष्ट नावानं उच्चारलीच जात नाही, या तीन जागी ते असतं. तिथे हात न लावता नुसते शब्द बदलले, तर रोजनिशी मोठ्या माणसाचीच राहते.

हे हवेत बोलण्यापेक्षा एक नोंद घेऊन बघू. समजा, लिहिणारी इचलकरंजीची दहावीतली मुलगी आहे. वडील यंत्रमागावर काम करतात. पूर्वपरीक्षेत भूमितीच्या पेपरात तिला कमी गुण पडलेत, मैत्रीण तुटल्यासारखी वागते आहे, घरात पैशांची ओढाताण आहे. आपल्याकडे असा मजकूर बहुतेकदा पुढीलप्रमाणे लिहिला जातो:

‘आज पूर्वपरीक्षेचा निकाल हाती आला. भूमितीत मला ४० पैकी ११ गुण मिळाले. वडिलांनी माझ्यासाठी किती कष्ट घेतले आहेत याची जाणीव असल्यामुळे मला फार अपराधी वाटते. त्यातच माझी जिवलग मैत्रीण ऋतू हिने माझ्याशी अबोला धरला आहे. वडिलांचे काम कमी झाल्यामुळे घरात आर्थिक चिंता आहे. माझ्या भविष्याचे काय होणार, या विचाराने मला झोप येत नाही.’

हे खोटं वाटतं, यावर दोन्ही बाजूंचं एकमत व्हायला हरकत नाही. मग ‘मुलांची भाषा’ आणा म्हणणारे हाच मजकूर दुरुस्त करतात:

‘यार, आज फुल वाट लागली! भूमितीत ११, ब्रो, सिरियसली? पप्पा तर पक्के भडकणार. वर ऋतूनं पण इग्नोर मारलंय, सो क्रिंज. घरी पण पैशांचे सीन चालू आहेत. लाइफचं काय होणार काय माहीत. टेन्शन, टेन्शन, टेन्शन.’

दोन्ही परिच्छेद शेजारी ठेवा. गुण, वडील, मैत्रीण, पैसे, भविष्य असा दोन्हींचा क्रम तोच आहे. प्रत्येक काळजीला एक वाक्य, प्रत्येक वाक्यात एक निष्कर्ष आणि शेवटी सगळ्यांची बेरीज. परिस्थिती आधीच समजून घेऊन, तिचे भाग पाडून, मग सांगायला बसलेला माणूस दोन्हीकडे एकच आहे. दुसऱ्यांदा त्याचे फक्त कपडे बदललेत. ज्या मुलीला आजचा दिवस अजून समजलेलाच नाही, ती अशी यादी करेल कशी?

आणखी एक गोष्ट दुसऱ्या परिच्छेदात चुकते, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. टोळीभाषा ही टोळीत बोलायची असते. आपण एकाच गटातले आहोत हे दाखवायला, मोठ्यांना बाहेर ठेवायला, लाज झाकायला ती वापरली जाते. त्यासाठी समोर कुणीतरी लागतं. रात्री अकरा वाजता वहीसमोर एकटी बसलेली मुलगी ‘ब्रो’ कुणाला म्हणणार? वहीत टोळीभाषा येते, पण बहुतेकदा दुसऱ्याचं बोलणं सांगताना येते. अनुष्का काय म्हणाली, मागच्या बाकावरचा मुलगा काय ओरडला, गटात कुणी काय टाकलं, हे लिहिताना ती मुलगी त्यांचे शब्द जसेच्या तसे उतरवेल, कारण तिचे कान तिखट आहेत. स्वतःच्या भीतीपाशी आली की तिची भाषा साधी होते, कधी कधी चक्क ओबडधोबड होते.

तीच नोंद मी अशी लिहीन:

‘अकरा. चाळीसपैकी.

ऋतूला एकोणतीस. तिनं सांगितलं नाही, मी तिच्या पेपरवर बघितलं. मधल्या सुट्टीत ती अनुष्काबरोबर टाकीकडं गेली आणि मला हाक नाही मारली. म्हणजे मारली असेल. मला ऐकू नाही आली. नाही, नाहीच मारली.

प्रमेय मला येत होतं. खरंच येत होतं. स्पर्शिकेचं. आकृती काढली आणि मग पुढं काय लिहायचं तेच

पप्पा आज पण दुपारी घरी होते. दिवसपाळी असून. मम्मी म्हणाली माग दोन दिवस बंद आहेत. मागच्या आठवड्यात पण दोनच दिवस म्हणाली होती. पेपर भूगोलाच्या वहीत ठेवलाय. सहीला सोमवारपर्यंत वेळ आहे.

हनुवटीवरचा फोड फोडायचा नव्हता, फोडला. उद्या वर्गाचा फोटो आहे. म्हणजे मी त्या फोटोत कायम अशीच दिसणार. कायम.

ऋतूला विचारलं झोपलीस का. निळ्या टिका आल्यात. लय वेळ झाला.

आर्ट्सला पैसे कमी लागतात ना. मी जर पप्पांना सांगितलं की मलाच आर्ट्स...’

इथे इंग्रजी शब्द आहेत, पण ते पेपर, फोटो, आर्ट्स असे घरोघरी रुळलेले. ‘लय’ हा एक शब्द बोलीतला आहे आणि तो तिच्या गावचा आहे, तिच्या पिढीचा नाही. तिचे आजोबाही तो वापरत असतील. तरी ही मुलगी पहिल्या दोघींपेक्षा लहान वाटत असेल, तर ती कशामुळे?

पहिलं कारण काळज्यांचं माप. बंद पडलेले माग आणि हनुवटीवरचा फोड इथे एकाच उंचीवर उभे आहेत. मोठा माणूस लिहिताना नकळत छाटणी करतो. घरची चाकं थांबलेली असताना फोडाचं काय घेऊन बसायचं, असं त्याला वाटतं. पंधराव्या वर्षी मात्र ‘कायम’ हा शब्द अगदी खरा असतो. पूर्वी असाच फोड आला होता आणि नंतर कुणाला आठवलाही नाही, हा अनुभव अजून गाठीशी नसतो. हे हास्यास्पद म्हणून लिहिलं की संपलं. लेखकानं फोडाकडे तिच्याइतक्याच गांभीर्यानं पाहिलं, तरच शेजारच्या मागांची शांतता वाचकाला ऐकू येते.

दुसरं कारण तुटलेली वाक्यं. नवख्या लेखकाला वाटतं की अर्धवट विचार म्हणजे कुठेही तीन टिंबं. मग प्रत्येक वाक्याच्या शेपटीला टिंबं लागतात आणि पात्राला दम लागल्यासारखं वाटतं. विचार कुठेही तुटत नाही. तो तुटायला कारण लागतं आणि कारणं वेगवेगळी असतात. वरच्या नोंदीत प्रमेयाचं वाक्य तुटतं, कारण परीक्षेतही ते तिथेच तुटलं होतं. तिथे टिंबंसुद्धा नाहीत, कारण ती थबकलेली नाही, तिला पुढचं काही सापडलेलंच नाही. हाक मारली की नाही, हे वाक्य तुटत नाही, ते तीनदा वळतं, आणि शेवटी सगळ्यात दुखऱ्या अर्थावर जाऊन बसतं. शेवटचं वाक्य तुटतं ते तिसऱ्याच कारणानं. पुढचा शब्द लिहिला तर निर्णय झाल्यासारखा होईल, म्हणून ती थांबते. यावर तपासणीचा एक सोपा मार्ग आहे. तुटलेल्या वाक्याचा उरलेला भाग वाचकाला आपल्या मनात पुरा करता येतो का, आणि तो पुरा केल्यावर तिनं तो का लिहिला नाही हे कळतं का, हे बघायचं. दोन्हींपैकी एक जरी जमत नसेल तर ती टिंबं खोडायची.

तिसरं कारण म्हणजे न घेतलेली नावं. ‘आर्थिक चिंता’, ‘अपराधी वाटते’, ‘अपेक्षांचे ओझे’ हे शब्द परिस्थितीला नाव देतात, आणि नाव देणं ही परिस्थितीतून बाहेर पडल्यानंतरची कृती आहे. या मुलीला आपल्या घरात पैशांचं काय चाललंय हे ठाऊक आहे. मम्मीनं दोनदा ‘दोन दिवस’ म्हटलं हे तिनं मोजलंय. पण त्या मोजण्याचं नाव तिच्याजवळ नाही, किंवा ते नाव घ्यायची तिची तयारी नाही. म्हणून ते ज्ञान पेपर लपवण्यात आणि आर्ट्सच्या चौकशीत फुटून बाहेर येतं.

आता विरोधी बाजूंचं म्हणणं त्यांच्या पूर्ण ताकदीनिशी घेऊ. शुद्ध मराठीच्या बाजूचा सगळ्यात मजबूत मुद्दा असा की मुलं बोलतात तशी लिहीत नाहीत. वही उघडली की ती मोठी होतात. निबंधांतली वाक्यं, वाचलेल्या पुस्तकांतली वळणं, भाषणांतला आवेश त्यांच्या लेखणीत येतो. हे खरं आहे आणि त्याला आपल्याच भाषेतला फार जुना आणि ठसठशीत पुरावा आहे. सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या साधारण चौदा वर्षांच्या मुलीनं मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. त्यात पोरकट असा शब्द सापडत नाही. भाषा गंभीर आहे, धर्मग्रंथांच्या काळजीनं भरलेली आहे, त्या काळातल्या छापील गद्याच्या वळणाची आहे. मग वय कुठे दिसतं? ते विचाराच्या चालीत दिसतं. वेद जर ब्राह्मणांचेच असतील तर आमच्याजवळ ग्रंथ नाही आणि धर्मही नाही, मग आमचा धर्म कोणता ते देवानंच सांगावं, अशा रोखानं ती सरळ देवाला जाब विचारते. एखाद्या प्रौढ सुधारकानं हाच मुद्दा मांडताना आधी प्रतिपक्षाची बाजू सांगितली असती, शास्त्रार्थ केला असता. या मुलीला मधली पायरी माहीत नाही किंवा नको आहे. ऐकलेलं तत्त्व ती शब्दशः खरं धरते आणि ते जिथे नेईल तिथे न घाबरता जाते. हे तारुण्य आहे आणि त्याला टोळीभाषेची गरज पडलेली नाही.

मात्र यातून शुद्धतेच्या बाजूचा निष्कर्ष निघत नाही. मुलं पुस्तकी लिहितात म्हणून पात्राची सगळी रोजनिशी पुस्तकी करावी, असं होत नाही. पुस्तकी भाषा मुलांच्या लिहिण्यात उसनी येते आणि उसनी म्हणून दिसते. एका वाक्यात ‘जीवन हा संघर्ष आहे’ आणि पुढच्याच वाक्यात टाकीपाशी कोण उभं होतं याची बातमी, हा झोका खरा आहे. आपल्या संपादकीय हातांची सवय ही की दोन्ही वाक्यं एका पातळीवर आणायची. तिथे वय मरतं.

दुसऱ्या बाजूचा मजबूत मुद्दा भाषेपेक्षा न्यायाचा आहे. प्रमाण मराठीच लिहायची म्हटलं की गडचिरोलीचा, नंदुरबारचा, सावंतवाडीचा मुलगा स्वतःच्या आवाजात कधी पानावर येणारच नाही. ही भीती काल्पनिक नाही. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ मध्ये आला तेव्हा त्याच्या भाषेवरून काय गदारोळ झाला, हे मराठी वाचकाला सांगायला नको. भाषा ‘वाईट’ आहे, असं म्हणणाऱ्यांना बऱ्याचदा ती भाषा बोलणारी माणसंच पानावर नको असतात. हा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. पण त्याच मुद्द्यावरून पाहिलं तर ‘यार, ब्रो, क्रिंज’ची रोजनिशी कुणाची आहे? मोठ्या शहरातल्या, विशिष्ट शाळांतल्या मुलांची भाषा घेऊन तिला ‘आजच्या मुलांची भाषा’ म्हणायचं, हीसुद्धा एक नवी प्रमाणभाषाच झाली. नागपूरच्या पोराचं ‘बे’, कोल्हापूरच्या मुलाचं ‘भावा’, मालवणी मुलीचं तिसरंच. बोली आणि टोळीभाषा यांची गल्लत झाली की बोलीचं नाव घेऊन टोळीभाषा छापली जाते आणि बोली पुन्हा बाहेरच राहते. शिवाय टोळीभाषा लवकर शिळी होते. एके काळी ‘झकास’ आणि ‘भंकस’ हे कॉलेजकुमारांचे शब्द होते. आज एखाद्या कथेतली मुलगी रोजनिशीत ‘झकास’ लिहू लागली तर वाचणाऱ्या मुलांना तिच्यात काका दिसतील. बोली मात्र टिकते, कारण ती वयाची नसून घराची असते.

इथे ‘कोसला’ आठवणं अपरिहार्य आहे. १९६३ मध्ये आलेल्या त्या कादंबरीतला तरुण निवेदक आज, साठ वर्षांनंतरही, वाचणाऱ्या पोरांना आपला वाटतो. त्याच्या निवेदनातले सगळ्यात गाजलेले शब्द कोणते? ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’. दोन्ही शब्द तेव्हाच्या कॉलेजच्या कट्ट्यावरचे नव्हेत, ते व्याकरणाच्या पुस्तकातले आणि सरकारी पत्रातले आहेत. नेमाड्यांनी ते जिथे नको तिथे बसवले आणि एका तरुणाचं गोष्टीपासून अंग काढून घेणं त्यातून ऐकू येऊ लागलं. शब्दाचं वय काहीही असो, त्याची जागा तरुण होती.

आता सगळ्यात अवघड आक्षेप. हे सगळं मोठ्या माणसानं बनवायचं, म्हणजे अर्धवट विचारही तोच ठरवून तोडणार, मग ही फसवणूक नाही का? खरी मुलांची रोजनिशी आहे तशी छापावी, तिला हात लावू नये, असं काही शिक्षक मनापासून म्हणतात. त्यांना मी ॲन फ्रँकच्या वह्यांकडे बघायला सांगेन, कारण पुन्हा लिहिलेल्या किशोरवयीन रोजनिशीचं याहून स्पष्ट उदाहरण जगात नाही. १२ जून १९४२ रोजी, तेराव्या वाढदिवसाला, तिला वही मिळाली. २८ मार्च १९४४ रोजी लंडनहून डच मंत्र्यांचं भाषण नभोवाणीवर झालं, युद्धकाळातल्या पत्रांचा आणि रोजनिशींचा संग्रह करायला हवा, असं त्यांनी सांगितलं. त्यानंतर मे महिन्यात ॲननं सुट्या कागदांवर आपली सगळी रोजनिशी नव्यानं लिहायला घेतली. म्हणजे चौदा, जवळजवळ पंधरा वर्षांची मुलगी आपलं तेराव्या वर्षीचं लिहिणं दुरुस्त करत होती. तिनं काय केलं? सुरुवातीला ती वेगवेगळ्या काल्पनिक मैत्रिणींना पत्रं लिहीत असे, नव्या मसुद्यात ती सगळी एका किटीला केली. तिच्यासोबत लपून राहणाऱ्या पीटर या मुलाबद्दलच्या ओढीचा बराच भाग गाळला. जानेवारी १९४४ मध्येच, जुन्या नोंदी वाचताना, असं मला आता लिहिता येणार नाही अशा अर्थाचा शेरा तिनं एका नोंदीखाली टाकला होता. सप्टेंबर १९४२ च्या दोन पानांवर तर तिनं स्वतः तपकिरी कागद चिकटवला होता. त्याखाली काही चावट विनोद आणि शरीरसंबंधांविषयीचा मजकूर होता, हे २०१८ मध्ये पानांच्या छायाचित्रांवरून उघड झालं. ४ ऑगस्ट १९४४ ला अटक झाल्यामुळे नवा मसुदा अपुराच राहिला. पुढे वडिलांनी दोन्ही मसुदे एकत्र करून १९४७ मध्ये पुस्तक काढलं, तेव्हा मुलीनं गाळलेलं प्रेमही त्यात परत आणलं.

यातून काय दिसतं? खरी मुलगी पुन्हा लिहायला बसते तेव्हा ती स्वतःला मोठी करते. लाज वाटणारं झाकते, विखुरलेलं एकत्र बांधते. वय परत आणण्याचं काम पुष्कळदा दुसऱ्यालाच करावं लागतं, कारण ते वय ज्याचं असतं त्याला ते नको असतं. ‘आहे तसं’ असं काही शुद्ध रूपात हातात नसतंच. कागद चिकटवण्याची क्रिया हीसुद्धा त्या रोजनिशीतली एक नोंद आहे, आणि मला विचाराल तर वय सांगणारी सगळ्यात बोलकी नोंद. तेव्हा प्रौढ लेखकानं किशोरवयीन रोजनिशी घडवण्यात फसवणूक नाही. फसवणूक तेव्हा होते, जेव्हा तो मुलीच्या हातात स्वतःची समज देतो आणि वर तिचे चार शब्द चिकटवतो.

या पद्धतीच्याही मर्यादा आहेत. तेरा आणि सतरा ही वेगळी वयं आहेत. तेराव्या वर्षी मूल घटनांच्या मागे धावतं, सतराव्या वर्षी ते स्वतःला लिहिताना बघू लागतं, ‘मी हे का लिहितोय’ असं लिहू लागतं, आणि तिथे वाक्यं लांब होतात. सगळ्या मुलांच्या वाक्यांना एकच तुटकपणा दिला तर तोही साचा होईल. अशुद्ध लेखनाच्या युक्तीला मात्र मी सरळ विरोध करतो. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पेरून वय दाखवायचा मोह अनेकांना होतो. त्यात वाचक मुलीकडे वरून पाहू लागतो, तिच्या काळजीपेक्षा तिची वेलांटी त्याच्या नजरेत भरते. १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम आले, त्याआधीही मुलांना काळज्या होत्याच, आणि त्या वेलांटीत नव्हत्या.

संपादकांना माझी एक व्यवहारातली सूचना आहे. असा मजकूर छापण्याआधी तो चार-पाच पंधरा वर्षांच्या मुलांना वाचायला देण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, ती चांगली आहे. पण त्यांना विचारला जाणारा प्रश्न असतो, ‘तुम्ही असे शब्द वापरता का?’ या प्रश्नाचं उत्तर मुलं आपापल्या टोळीच्या बाजूनं देतात आणि सगळी चर्चा पुन्हा ‘यार’पाशी येते. त्याऐवजी त्यांना विचारा, ही मुलगी काय लपवते आहे? इचलकरंजीच्या नोंदीवर कुणी म्हणेल, गुण. कुणी म्हणेल, ऋतूबद्दलचा राग. त्यातला एखादा जर म्हणाला, तिला आर्ट्स नकोच आहे, तर मजकूर छापायला पाठवा.